पवनचक्कीवरची करसवलत सरकारच्या खर्चात का मोजायची?

प्रश्न: करसवलत म्हणजे माझाच पैसा माझ्याकडे राहिला. सरकारने खिशातून काहीच दिले नाही. तरी अर्थतज्ज्ञ तिला ‘खर्च’ का म्हणतात? आणि बजेटमध्ये सोडून दिलेल्या महसुलाचे जे लाखो कोटींचे आकडे येतात ते खरे असतात का? उद्या सगळ्या सवलती काढल्या तर तेवढे पैसे तिजोरीत येतील का?

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. कधी कमी येतील, कधी चक्क जास्तही. त्याकडे शेवटी येतो.

‘माझाच पैसा’ हा मुद्दा रास्त आहे, आणि म्हणूनच अर्थतज्ज्ञ प्रत्येक न घेतलेल्या रुपयाला खर्च म्हणत नाहीत. एका मर्यादेपर्यंतचे उत्पन्न सगळ्यांनाच करमुक्त असते. ती करपद्धतीची मूळ चौकट आहे, सवलत नव्हे. करांचे दर सगळ्यांसाठी कमी केले तर तोही चौकटीतला बदल. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांचा कर २२ टक्क्यांवर आणला, तेव्हा त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल कमी होईल असा अंदाज सरकारने स्वतःच दिला होता. रक्कम प्रचंड आहे, पण तो दरबदल होता. आपण ज्या अर्थाने ‘टॅक्स एक्स्पेंडिचर’ म्हणतो तो प्रकार वेगळा. नियम सगळ्यांना एकच, पण अमुक गोष्ट करणाऱ्याला, अमुक जिल्ह्यात कारखाना काढणाऱ्याला किंवा अमुक यंत्र घेणाऱ्याला त्यातून सूट, असे कायदा म्हणतो तेव्हा तो प्रकार सुरू होतो. त्या सुटीला काहीतरी करवून घ्यायचे असते. करवून घेण्यासाठी पैसे मोजणे म्हणजे खर्चच, मग ते चेकने मोजा किंवा कराच्या बिलातून वजा करा.

हा विचार ठामपणे मांडला अमेरिकेच्या ट्रेझरीतले करधोरणाचे प्रमुख स्टॅन्ली सरी यांनी, १९६७ साली. त्यांची पद्धत साधी होती. कायद्यातली सवलत घ्यायची आणि ती थेट अनुदानाची योजना असती तर कशी दिसली असती ते लिहून काढायचे. कोणाला किती, कशाच्या बदल्यात, कोणती अट, किती वर्षे. कागदावर उतरवल्यावर अनेक सवलती इतक्या विचित्र दिसत की तशी योजना घेऊन एकही मंत्री सभागृहात उभा राहिला नसता.

आपल्याकडे हा प्रयोग कागदावर करायची गरज नाही. एकाच गोष्टीसाठी करसवलत आणि थेट अनुदान या दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी उघड्या होत्या, असा एक काळ होऊन गेला. गोष्ट पवनचक्क्यांची. मी अनेक वर्षे कंपन्यांच्या कराचे काम केले, त्यामुळे यातली एक खिडकी मी जवळून पाहिली आहे.

सातारा, सांगली, धुळे या भागांतल्या पठारांवर दिसणाऱ्या जुन्या पवनचक्क्यांपैकी बऱ्याच ‘घसाऱ्या’वर उभ्या राहिल्या आहेत. यंत्र दरवर्षी झिजते, म्हणून त्याच्या किमतीचा काही भाग नफ्यातून वजा करता येतो. साध्या यंत्रांना हा दर शिल्लक किमतीच्या १५ टक्के. पवनचक्कीला मात्र ३१ मार्च २०१२ पर्यंत ८० टक्के होता. म्हणजे कायदा म्हणत होता, की ही चक्की वीस वर्षे चालणार हे ठाऊक आहे, तरी पहिल्याच वर्षी तिची चार पंचमांश किंमत झिजली असे आपण धरून चालू.

एक मेगावॅटची चक्की घेऊ. त्या काळात ती उभारायला साधारण सहा कोटी लागत. हिशेब सोपा राहावा म्हणून कराचा दर सरसकट ३० टक्के धरतो, सरचार्ज आणि सेस सोडून. ८० टक्क्यांनी पहिल्या वर्षीची वजावट होते ४ कोटी ८० लाख. १५ टक्क्यांनी झाली असती ९० लाख. फरक ३ कोटी ९० लाखांचा आणि त्यावरचा कर १ कोटी १७ लाख. तेवढा कर त्या वर्षी भरावा लागला नाही.

पण हा कर माफ झालेला नाही, पुढे ढकलला गेला आहे. दुसऱ्या वर्षीही थोडा फायदा होतो. तिसऱ्या वर्षापासून काटा उलटा फिरतो, कारण बहुतेक किंमत आधीच वजा झालेली असते. साध्या घसाऱ्याने तिसऱ्या वर्षी सुमारे ६५ लाखांची वजावट मिळाली असती, आता फक्त १९ लाखांची मिळते, म्हणून कर जास्त बसतो. असे करत करत सरकारला सगळा कर परत मिळतो, फक्त उशिरा. मग मालकाला खरे मिळाले काय? व्याज. सरकारने त्याला बिनव्याजी कर्ज दिले असे समजा. १० टक्के व्याजाने आजच्या मूल्यात मांडले तर ते येते सुमारे ५२ लाख रुपये, दर मेगावॅटमागे. हे सरकारने त्या चक्कीवर केलेल्या खर्चाचे खरे माप. वर्षाच्या हिशेबात दिसणारे १ कोटी १७ लाख हे माप नव्हे आणि ‘कर कधीतरी येणारच आहे’ म्हणून शून्य हेही नव्हे.

आता दुसरी खिडकी. डिसेंबर २००९ मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने उत्पादनावर आधारित प्रोत्साहन योजना आणली. चक्कीने ग्रिडला दिलेल्या दर युनिटमागे ५० पैसे. कमीत कमी चार आणि जास्तीत जास्त दहा वर्षांत, एका मेगावॅटला एकूण ६२ लाखांपर्यंत. योजना ४,००० मेगावॅटपुरती आणि ३१ मार्च २०१२ पर्यंतच. अट अशी की ८० टक्के घसारा घेतला असेल तर हे ५० पैसे नाहीत. दोन्हींपैकी एकच.

हवेशीर पठारावर एक मेगावॅटची चक्की आपल्या क्षमतेच्या साधारण २० टक्के चालते. वर्षाला साडेसतरा लाख युनिट. ५० पैशांनी वर्षाला पावणेनऊ लाख आणि सुमारे सात वर्षांत ६२ लाखांची मर्यादा गाठली जाते. आजच्या मूल्यात हे साधारण ४३ लाख होतात. (यावर लागणारा कर बाजूला ठेवला आहे, आणि वीज विकून मिळणारे पैसेही, कारण ते दोघांनाही मिळतात.) म्हणजे चांगल्या जागेवर सरकारचा दोन्ही खिडक्यांवरचा खर्च एकाच पातळीतला, घसाऱ्याच्या खिडकीवर थोडा जास्तच.

आता तीच चक्की बेताच्या वाऱ्याच्या जागी लावा, जिथे ती १२ टक्केच चालते. ५० पैशांच्या खिडकीतून वर्षाला सव्वापाच लाख, दहा वर्षांत साडेबावन्न, आजच्या मूल्यात जेमतेम ३२ लाख. चक्की बंद पडली तर शून्य. घसाऱ्याच्या खिडकीतून मात्र ५२ लाख ते ५२ लाखच. वारा वाहो न वाहो, गिअरबॉक्स तुटून चक्की सहा महिने उभी राहो, त्या रकमेतला एक रुपया हलत नाही. कारण सरकार तिथे विजेसाठी पैसे मोजत नव्हते, खरेदीसाठी मोजत होते.

आणि ही खरेदी कोण करणार हेही त्या सवलतीनेच ठरवले होते. वजावट वापरायला आधी नफा लागतो. ज्याचा दुसरा धंदा जोरात आहे आणि मोठा कर बसतो आहे, त्याच्यासाठीच ४ कोटी ८० लाखांच्या वजावटीला अर्थ. फक्त वीज तयार करायला निघालेल्या नव्या कंपनीला पहिल्या वर्षी नफाच नसतो. तिची वजावट पुढच्या वर्षांसाठी पडून राहते आणि तिचे मोल घटत जाते. म्हणून कापड, सोने-चांदी, बांधकाम अशा धंद्यांतले लोक पवनचक्क्यांचे मालक झाले. वीज हा ज्यांचा मुख्य धंदा, ते बाहेर राहिले. ५० पैशांची योजना मुळात या बाहेर राहिलेल्यांसाठीच आणली गेली.

आमच्याकडे याचा हंगाम असायचा. यंत्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले तर घसारा निम्माच मिळतो, म्हणून ३० सप्टेंबरच्या आत चक्की सुरू झाल्याचे प्रमाणपत्र हवे असे. ती तारीख हुकली तर निदान ३१ मार्च तरी. सप्टेंबरात ॲडव्हान्स टॅक्सचा आकडा समोर आला की चक्कीची चौकशी सुरू. ‘किती टॅक्स वाचेल?’ हा पहिला प्रश्न, ‘सर्टिफिकेट तारखेच्या आत मिळेल ना?’ हा दुसरा. वर्षाला युनिट किती पडतील, हे कोणी विचारलेच तर सर्वांत शेवटी. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या गोष्टीचे पैसे मिळतात तिच्याबद्दलच माणूस विचारतो.

पुढे ३१ मार्च २०१२ ला दोन्ही खिडक्या एकदम बंद झाल्या. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३,२०० मेगावॅटच्या चक्क्या उभ्या राहिल्या होत्या, पुढच्या वर्षी सुमारे १,७००. यावरून ‘बघा, घसाऱ्यामुळेच चक्क्या लागत होत्या’ असे बरेच जण म्हणाले. पण दोन्ही एकदम गेल्याने कशाचा परिणाम किती हे यातून सांगता येत नाही. शिवाय मुदत संपायच्या आधी उरकलेली घाईही आदल्या वर्षीच्या आकड्यात आहेच. २०१३ मध्ये ५० पैसे परत आले, २०१४ मध्ये ८० टक्के घसारा परत आला, आणि एप्रिल २०१७ पासून घसाऱ्याची कमाल मर्यादाच ४० टक्क्यांवर आणली गेली.

या दोन खिडक्यांकडे आता सरकारच्या बाजूने पाहा. ५० पैशांच्या योजनेला मेगावॅटची मर्यादा होती, पैशाची मर्यादा होती, शेवटची तारीख होती. पैसे मंत्रालयाच्या मागणीत दाखवावे लागत आणि लोकसभेने ते दरवर्षी मंजूर करावे लागत. घसाऱ्याला यातले काहीही नव्हते. आयकर नियमांच्या तक्त्यात एक ओळ आणि तिच्यासमोर ८० हा आकडा, एवढेच. कितीही चक्क्या लागोत, खर्च आपोआप वाढत जाणार. तूट दोन्हीकडे सारखीच वाढते, कारण १०० कोटी कमी आले काय आणि १०० कोटी जास्त गेले काय, कर्ज तेवढेच काढावे लागते. पण ‘सरकारचा एकूण खर्च’ या रकान्यात जास्त गेलेले शंभर दिसतात, कमी आलेले दिसत नाहीत. अर्थतज्ज्ञांचा खर्च मोजण्याचा आग्रह यासाठी आहे. न मोजलेल्या खर्चाला कोणी हात लावत नाही.

सवलत देण्याकडे केंद्राचा ओढा असण्याचे आणखी एक कारण आहे आणि महाराष्ट्र-गोव्याने ते नीट समजून घ्यावे असे मला वाटते. केंद्राच्या आयकरातला ४१ टक्के भाग राज्यांचा, हे पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ठरवले. (सेस आणि सरचार्ज यात धरत नाहीत.) म्हणून केंद्राने आयकरात १०० कोटींची सवलत दिली की त्यातले ४१ कोटी राज्यांच्या खिशातून जातात. त्या काळातला महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के, म्हणजे सुमारे २ कोटी ५९ लाख महाराष्ट्राचे, गोव्याचे सुमारे १६ लाख. याच कामासाठी १०० कोटींचे अनुदान दिले तर ते सगळे केंद्राच्या तिजोरीतून जातात. श्रेय १०० चे आणि पदरचे ५९. कोणताही अर्थमंत्री असो, त्याला कोणती वाट सोयीची वाटेल हे सांगायला नको.

हा हिशेब मी ओढूनताणून करतो आहे असे वाटत असेल तर जीएसटी आला तेव्हा काय झाले ते बघा. हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, जम्मू-काश्मीर आणि ईशान्येकडच्या राज्यांत कारखाना काढला तर ठरावीक वर्षे केंद्रीय उत्पादन शुल्क माफ, अशी सवलत होती. हिमाचलमधले बद्दी औषधांच्या कारखान्यांनी भरले ते त्यामुळेच, आणि औषध उद्योग मोठा असलेल्या महाराष्ट्र-गोव्याला त्याची झळ चांगलीच ठाऊक आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. जीएसटीच्या साखळीत अशी माफी बसत नाही. मधल्या कड्याने कर भरला नाही की पुढच्याचे क्रेडिट तुटते. ज्यांची मुदत शिल्लक होती त्या चार हजारांवर कारखान्यांचे काय करायचे? केंद्राने सांगितले, कर पूर्ण भरा, आम्ही तुम्हाला बजेटमधून परत देऊ. किती? रोखीने भरलेल्या सीजीएसटीच्या, म्हणजे जीएसटीतल्या केंद्राच्या भागाच्या, ५८ टक्के आणि आयजीएसटीच्या, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीवर लागणाऱ्या कराच्या, २९ टक्के.

५८ कुठून आले? त्या वेळी चौदाव्या वित्त आयोगानुसार राज्यांचा वाटा ४२ टक्के होता. माफी होती तोवर ते ४२ टक्के राज्ये निमूट सोसत होती. परतावा स्वतःच्या बजेटमधून द्यायची वेळ आल्यावर केंद्राने फक्त स्वतःच्या वाट्याचा कर परत केला. आयजीएसटीचा निम्मा भाग राज्यांचाच, म्हणून तिथे ५८ चे निम्मे २९. दहा वर्षांसाठी २७,४१३ कोटींची तरतूद जाहीर झाली, योजनेची शेवटची तारीख ३० जून २०२७ ठरली, आणि कारखान्यांना दर तिमाहीला अर्ज भरावा लागू लागला. तेच कारखाने, तीच सवलत, पण एका रात्रीत तिला एकूण रक्कम मिळाली, शेवटचा दिवस मिळाला, आणि कोणाच्या खिशातून किती जाते ते दिसू लागले. महाराष्ट्रातही नव्या उद्योगांना मिळणारे प्रोत्साहन आता भरलेल्या एसजीएसटीवर बेतलेल्या अनुदानाच्या रूपाने, बजेटमधून जाते. माफी आणि अनुदान यांच्यात फरक नाही असे म्हणणाऱ्या अर्थतज्ज्ञांना यापेक्षा चांगला पुरावा कुठून मिळणार?

पगारदार वाचकांसाठी ८०सी बद्दल थोडे. २००५ पूर्वी बचतीची सवलत कलम ८८ खाली होती आणि ती थेट करातून वजा होई. दीड लाखापर्यंत उत्पन्न असेल तर बचतीच्या २० टक्के, त्यावर पाच लाखांपर्यंत १५ टक्के, आणि पाच लाखांच्या वर काहीही नाही. २००५ च्या बजेटने ती जागा ८०सी ला दिली. एक लाखापर्यंतची बचत उत्पन्नातून वजा. उत्पन्नातून वजा म्हणजे ज्याचा दर जास्त त्याला फायदा जास्त. एक लाख गुंतवणाऱ्या १० टक्क्यांच्या माणसाला दहा हजार, ३० टक्क्यांच्या माणसाला तीस हजार. पाच लाखांच्या वरचा माणूस शून्यावरून तीस हजारांवर गेला. त्याच वर्षी करमुक्त मर्यादाही वाढली, म्हणून खालच्या माणसाचे एकूण नुकसान झाले असे नाही, पण या एका सवलतीपुरती दिशा पूर्ण उलटली. ‘श्रीमंताला बचतीसाठी तिप्पट अनुदान’ अशी योजना जाहीर करून पाहा. वजावट म्हणून मात्र ती आपल्याला इतकी सवयीची झाली आहे की त्यात काही खटकतही नाही. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, आणि ते मला योग्य वाटते, जरी माझ्या अनेक मित्रांना ते पटत नसले तरी.

आता बजेटमधल्या आकड्यांकडे. २००६-०७ पासून केंद्र सरकार बजेटच्या कागदपत्रांत सोडलेल्या महसुलाचे विवरण देते. प्राप्ती अर्थसंकल्पाला जोडलेले ते परिशिष्ट असते. आधी त्याचे नाव सरळ ‘सोडलेला महसूल’ असे होते, २०१५-१६ पासून ते ‘करसवलतींचा महसुलावरील परिणाम’ असे झाले. २०१३-१४ साठी त्यात पाच लाख कोटींच्या वरचा आकडा होता आणि ‘उद्योगपतींना पाच लाख कोटी माफ’ अशी वाक्ये तेव्हा सगळीकडे फिरत होती. त्या आकड्यातला मोठा वाटा सीमाशुल्काचा आणि उत्पादन शुल्काचा होता, आणि तो मोजण्याची तेव्हाची रीत फसवी होती. कायद्यात एखाद्या वस्तूवर १० टक्के शुल्क लिहिलेले असते आणि अधिसूचनेने ते सगळ्यांसाठी ५ टक्के केलेले असते. मग खरा दर पाचच. पण विवरणात उरलेले पाच ‘सोडले’ म्हणून मोजले जात. कोणालाही न लागणारा कर कोणाला माफ केला म्हणायचे? नंतर बिनशर्त सूट आणि अटींसह दिलेली सूट वेगळी करून दाखवू लागले आणि आकडा एकदम खाली आला. सवलती त्यामुळे कमी झाल्या नव्हत्या, मोजण्याची चौकट सुधारली होती. म्हणून दोन काळांतले आकडे शेजारी ठेवून ‘अमुक सरकारने सवलती घटवल्या’ असे कोणी म्हणू लागले तर आधी पद्धत तीच होती का ते पाहावे.

चौकटीचा आणखी एक परिणाम म्हणजे शेतीचे उत्पन्न. त्यावर कर नाही, पण केंद्राच्या विवरणात ते शोधू नका. राज्यघटनेने तो कर लावायचा अधिकारच राज्यांना दिला आहे. जो कर केंद्राला लावताच येत नाही तो केंद्राने सोडला असे म्हणता येत नाही.

घसाऱ्याचा आकडा वर पाहिलाच. वर्षाच्या हिशेबात तो फुगलेला दिसतो, कारण यंदा ढकललेला कर पूर्ण मोजला जातो, त्यातला परत येणारा भाग पुढे कधीतरी. नवी गुंतवणूक जोरात असलेल्या वर्षी तो फुगतो आणि मंदीत आक्रसतो, नियम तोच असला तरी.

आणि आता तुमचा शेवटचा प्रश्न. विवरणातच स्पष्ट लिहिलेले असते की प्रत्येक सवलत एकटी काढली आणि लोक जसे वागत होते तसेच वागत राहिले असे धरून आकडा काढला आहे. दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात होत नाहीत. चक्कीचा घसारा काढला तर ज्याला फक्त कर वाचवायचा आहे तो दुसरी वाट शोधेल. त्याने चक्की घेतलीच नाही तर चक्कीवर ‘सोडलेला’ कर सरकारला मिळेलच असे नाही. तो पैसा दुसऱ्या कुठल्या वजावटीत जाईल. उलट पीएफसारखी सक्तीची कपात सवलत काढल्यावरही चालूच राहते, म्हणून तिथे आकडा बराचसा खरा ठरतो.

बेरजेचेही तसेच. जुन्या करप्रणालीत एकाचे उत्पन्न ११ लाख आहे. ८०सी चे दीड लाख आणि एनपीएसचे ५० हजार वजा जाऊन ९ लाखांवर कर बसतो. फक्त ८०सी काढली तर उत्पन्न साडेदहा लाख. पहिल्या लाखावर २० टक्के, वरच्या ५० हजारांवर ३० टक्के, म्हणजे ३५ हजार जास्त. फक्त एनपीएस काढली तर १० हजार. विवरणात बेरीज दिसेल ४५ हजार. दोन्ही एकदम काढल्या तर प्रत्यक्षात ५० हजार येतात, कारण दुसरी सवलत गेल्यावर सगळाच भाग वरच्या टप्प्यात चढतो. म्हणून मघाशी म्हटले की कधी जास्तही येतील. एकूण बेरजेचा आकडा भाषणात फेकण्यापुरताच. एकेका सवलतीचा, मागच्या तीन-चार वर्षांतला आणि त्याच पद्धतीने मोजलेला, तो मात्र उपयोगाचा.

यावरून सगळे अनुदान चांगले आणि सगळी सवलत वाईट असे मी म्हणत नाही. ५० पैशांची खिडकी हिशेबाला स्वच्छ होती, पण तिथे अर्ज करा, मीटरचे आकडे द्या, मंजुरीची वाट पाहा, आणि त्या वर्षीची तरतूद संपली असेल तर पुढच्या वर्षाची वाट पाहा. घसारा रिटर्न भरताना आपल्या हाताने घेता येई, कोणाच्या सहीवाचून. कर्ज देणाऱ्या बँकेलाही तो जास्त भरवशाचा वाटायचा. ही खात्री खोटी नाही आणि तिचे मोल द्यावे लागते. म्हणून जी वजावट उत्पन्न नीट मोजण्यासाठी आहे, जसे यंत्राच्या खऱ्या झिजेइतका घसारा, ती करकायद्यातच असावी. ज्या सवलतीला काहीतरी करवून घ्यायचे आहे तिच्यावर मात्र शेवटची तारीख आणि रकमेची मर्यादा ही दोन बंधने कायद्यातच लिहावीत, आणि पैसे शक्यतो झालेल्या कामावर द्यावेत. पवनचक्कीच्या बाबतीत ते काम म्हणजे ग्रिडला गेलेले युनिट. मीटर तिथे आधीपासून होताच.